मदत हवी आहे: इंग्रजीतला 'दे' आणि 'धिस' नेमका कुणासाठी, ऑप्शन कसा निवडायचा?

लेकीची_आई: मुलगी अकरावीत आहे, आम्ही डॅलसला असतो, ती कॉलेज प्रवेशाच्या एसीटी परीक्षेची तयारी करतेय. सरावात दोन प्रश्न चुकले आणि मला समजावता येईना.

पहिलं वाक्य, 'द बस कंपनी रेज्ड इट्स फेअर्स, अँड दे लॉस्ट रायडर्स.' तिने नो चेंज, म्हणजे 'दे' आहे तसंच ठेवायचं, धरलं; उत्तर 'इट' आहे. ती म्हणते कंपनी म्हणजे माणसंच ना, मग 'दे' का नाही?

दुसरं, 'द ब्रिज वॉज डिलेड अँड कॉस्ट्स रोज. धिस अँगर्ड फार्मर्स.' ऑप्शन नो चेंज, 'इट', 'विच', 'धिस डिले'. उत्तर 'धिस डिले'. नुसता 'धिस' का चालत नाही?

मुळा_मुठा: सोपं आहे, 'दे'च्या अलीकडचं सगळ्यात जवळचं नाम बघायचं. इथे फेअर्स आहे, भाड्याने प्रवासी गमावले असा अर्थ निघतो, म्हणून चूक.

शुद्धलेखन_वेडी: उत्तर बरोबर आलंय पण जवळचं नाम हा नियम धरू नका, फसाल. 'द चेअर्स नियर द टेबल लॉस्ट देअर पेंट' यात जवळ टेबल आहे, 'देअर' तरी खुर्च्यांचाच. त्यापेक्षा वाक्यातच पुरावा शोधा. लिहिणाऱ्याने आधी 'इट्स फेअर्स' म्हटलंय म्हणजे कंपनी एकवचनी ठरवून टाकलीय, पुढे त्याच कंपनीला 'दे' म्हणता येत नाही. ब्रिटिश लोक कंपनीला 'दे' म्हणतात हे खरं, पण तेही एकाच वाक्यात दोन्ही करणं सहसा टाळतात.

'धिस'चं दुखणं वेगळं. 'नीताने आईला सांगितलं की तिची बस चुकली', बस कुणाची चुकली? इथे सर्वनाम बदलून काही होत नाही, नावच घालावं लागतं. तसंच मागे उशीर आणि खर्च अशा दोन गोष्टी आहेत, 'धिस' कुठल्याही एकीला किंवा दोन्हींना लागू शकतो. 'इट'ने तीच अडचण राहते, 'विच' पूर्णविरामानंतर आलं की वाक्य लटकतं. नाम सोबत घेऊन येणारा एकच ऑप्शन उरतो.

पुणेकर_एमबीए: जीमॅटमध्ये हे भरपूर येतं, सेंटेन्स करेक्शनची जुनी पुस्तकं घ्या.

मुळा_मुठा: जीमॅटच्या नव्या फोकस एडिशनमध्ये सेंटेन्स करेक्शन काढून टाकलंय हो, आणि ताईंचा प्रश्न एसीटीचा आहे. जवळच्या नामाचं मात्र मान्य, खुर्च्यांचं वाक्य पटलं.

ऑफिसातला_मी: मी मेलमध्ये 'एव्हरीवन शुड सबमिट देअर फॉर्म' लिहिलं तर साहेबांनी लाल पेनने 'हिज' केलं. कोण बरोबर?

शुद्धलेखन_वेडी: तुम्ही, माझ्या मते. एपीए या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखननियमांच्या पुस्तकाच्या 2019च्या आवृत्तीत असा एकवचनी 'दे' मान्य आहे.

पुणेकर_एमबीए: आमच्या शाळेत 'हिज'च शिकवलं, परीक्षेत मी तरी तेच लिहीन.

लेकीची_आई: 'इट्स'कडे बोट ठेवलं आणि तिला लगेच दिसलं, खूप आभार! आता तिने विचारलंय, कंपनीच्या जागी 'टीम' असेल आणि वाक्यात कुठेच 'इट्स' नसेल तर पुरावा कुठे शोधायचा?

शुद्धलेखन_वेडी: क्रियापद बघायला सांगा. 'द टीम हॅज' असेल तर 'इट', अमेरिकेत बहुतेकदा तसंच लिहितात. पण 'द टीम वन' असेल तर क्रियापदावरून काहीच कळत नाही, तिथे चारही ऑप्शन बघितल्याशिवाय मी सांगू शकणार नाही. वाक्य टाका इथे.