मदत हवी आहे: क्रीम भिंतीवर प्रोजेक्टर लावलाय, पांढरं सगळं पिवळट दिसतंय

उर्मिला_नाशिक
नमस्कार मंडळी. हॉलच्या भिंतीवर 100 इंची चित्र पाडतो, म्हणजे रुंदी साधारण सव्वासात फूट आणि उंची चार फूट. पडदा नको आहे, कारण त्याच भिंतीला सासूबाईंचा दिवाण आहे. भिंतीला फिकट क्रीम इमल्शन आहे, किंचित चकाकीचं. कसोटी सामना लावला की खेळाडूंच्या कपड्यांना हळद लागल्यासारखी दिसते. प्रोजेक्टरच्या मेनूत `Wall Color` मध्ये `Light Yellow` निवडलं, तर पिवळेपणा गेला पण चित्र मलूल झालं. सेटिंगनेच निभावेल की भिंत रंगवावी? रंगवायची तर पांढरी की राखाडी?

पराग७९
रंगवायची काही गरज नाही. मेनूत `Blue Gain` असेल, तो वाढवा. पिवळ्याला निळा मारतो. माझ्याकडे असंच केलंय.

सावलीचित्र
परागदादा, दिशा बरोबर आहे, पण निळा वाढवून चालणार नाही. पूर्ण पांढऱ्याला प्रोजेक्टर निळा आधीच कमाल देत असतो. त्यापुढे वाढवला की ढगांचे थर आणि शर्टाच्या सुरकुत्या पुसल्या जातात. त्यामुळे लाल आणि हिरवा उतरवायचा, निळा आहे तिथेच ठेवायचा. `Offset` ला हात लावू नका. भिंत प्रत्येक छटेतून सारख्याच प्रमाणात निळा खाते, आणि `Offset` ने गडद भागांचा रंग उगाच बिघडतो.

ताई, आधी एक करून बघा. अंधार करून पूर्ण पांढरं चित्र लावा. भिंतीच्या मध्यावर कोरा A4 कागद चिकटवा आणि मोबाइलचं एक्स्पोजर व व्हाइट बॅलन्स लॉक करून कागद आणि बाजूची भिंत एकाच फोटोत घ्या. मग फोटो एडिटरमध्ये दोन्हींचे आकडे इथे द्या.

गच्चीवरचा
आमच्या सोसायटीत गणपतीत पाण्याच्या टाकीच्या भिंतीला चुना मारून त्यावर सिनेमा दाखवतो. चित्र छान येतं, पण टेकलेल्या पोरांचे कपडे पांढरे होतात. आमचं चित्र वर रुंद आणि खाली अरुंद येतं, त्याला काय करावं?

सावलीचित्र
प्रोजेक्टर शक्य तितका भिंतीला काटकोनात ठेवा. बाकी त्याचा वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

उर्मिला_नाशिक
केलं. लाल, हिरवा, निळा या क्रमाने कागदावर 200, 200, 200 आणि भिंतीवर 198, 190, 165.

सावलीचित्र
फोटोतले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, फरक दाबून दाखवतात. 165 म्हणजे निळा कागदाच्या साधारण 65 टक्केच परत येतोय, हिरवा 89 आणि लाल 98. पांढरं खरोखर पांढरं करायचं तर लाल आणि हिरवाही 65 पर्यंत खाली आणावा लागेल. म्हणजे आज भिंतीवरून येणाऱ्या उजेडातला पावएक भाग गेला. तुमचं चित्र मलूल का झालं, त्याचं उत्तर हेच. किंचित झाक असती तर मी सेटिंगच सुचवलं असतं. इथे मात्र रंगवा.

शरद_कुलकर्णी_पुणे
मग राखाडीच लावा. काळा रंग खरा काळा दिसतो.

सावलीचित्र
काका, पूर्ण अंधारात राखाडी भिंत काळा आणि पांढरा दोन्ही सारखेच उतरवते. खोलीत इतर उजेड असेल किंवा पांढऱ्या छतावरून प्रकाश उलटून येत असेल, तर फायदा होतो. पण त्यासाठी प्रोजेक्टरकडे उजेड शिल्लक हवा. ताईंचा आत्ताच कमी पडतोय.

शरद_कुलकर्णी_पुणे
माझ्याकडे छत पांढरंच आहे आणि राखाडीने फरक पडलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. पण प्रोजेक्टर दणकट आहे, हेही खरं.

सावलीचित्र
तर ताई, पांढरा मॅट इमल्शन घ्या, सॅटिन नको. चकाकी असली की मधोमध उजळ डाग पडतो. दुकानात शेड न घालता मागा. तीस चौरस फुटांना लिटरभर रंगात दोन हात होऊन उरेल. खरी मेहनत त्याआधीची आहे. जुनी चकाकी पॉलिश पेपरने मारा, खड्डे पुट्टीने भरा आणि रात्री टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा उजेड पाडा. रोलरचे दाणे आणि उंचवटे सावलीसकट दिसतील. ते दिसेनासे होईपर्यंत घासा. रंगही बारीक केसांच्या रोलरने द्या, नाहीतर नवे दाणे तयार होतील.

उर्मिला_नाशिक
रविवारी दोन हात दिले. `Wall Color` बंद केलं, कपडे पांढरे दिसले, उजेडही परत आला. सर्वांचे मनापासून आभार. एकच राहिलं: चित्राच्या डाव्या कडेला फूटभर पट्ट्यात गुलाबी झाक आहे. तिथे शेजारची भिंत विटकरी आहे.

सावलीचित्र
चित्राचा उजेड विटकरी भिंतीवर पडून परत येत असणार. गेन पूर्ण चित्राला लागतो, त्यामुळे एक कड त्याने सुधारणार नाही. त्या भिंतीवर गडद चादर टांगून बघा. झाक गेली तर कारण सापडलं. न गेल्यास दोष लेन्सच्या बाजूचा असू शकतो, मग पांढऱ्या चित्राचा फोटो टाका.

उर्मिला_नाशिक
सासूबाईंची काळी शाल मोठी आहे, आज रात्री तीच अडकवते.