मदत हवी आहे: आप्पांचं जेवण तुटलंय, प्रोटीन पावडर कोणती द्यावी?

कृष्णाकाठ: वडील ७८, कराडला एकटे असतात. आई जाऊन दीड वर्ष झालं. दिवाळीत वजन ६२ होतं, परवा ५५ भरलं. डबा लावलाय, पण पोळी तशीच परत जाते. साखर, थायरॉइड नॉर्मल. चांगली पावडर सुचवा, जरा लवकर.

मालती_क: पोळी परत का जाते? दात आहेत की कवळी?

कृष्णाकाठ: कवळी. हलते म्हणून डबीतच असते. वरणभात आणि चहात बुडवलेलं बिस्किट, एवढंच खातात.

खवय्या: मग सोपं आहे. सगळं मिक्सरमधून काढून पातळ करून द्या. माझ्या सासूबाई सहा महिने सूपवर होत्या.

मालती_क: थांबा, पातळ सगळ्यांना चालत नाही. पाणी पिताना ठसका लागतो का? नंतर आवाज घोगरा, ओलसर येतो?

कृष्णाकाठ: ठसका लागतो, पाण्याला आणि चहाला. वयामुळे असेल म्हणून लिहिलं नाही. फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला होता.

मालती_क: अहो, हेच आधी सांगायचं! मी स्पीच थेरपिस्ट आहे, गिळण्याच्या तपासण्या आम्हीच करतो. पाणी घशातून झरकन उतरतं, श्वासनलिका मिटायला उशीर झाला की तिकडे जातं. तसा न्यूमोनिया पुन्हा होऊ शकतो. कधीकधी ठसका न लागताही पाणी आत जातं, म्हणून तपासणी हवीच. तोवर ताठ बसवून, चमच्याने, एकेक घोट. जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दूध-पोह्यांसारखं पातळ आणि घट्ट एकत्र नको. मऊ खिचडी, एकजीव नाचणीची खीर चालते का बघा. पाणी किती दाट करायचं ते तपासणीनंतरच. रात्री तोंड आणि कवळी घासायची, तोंडातली घाणही लाळेबरोबर फुप्फुसात जाते. वजन उतरलं, हिरड्या झिजल्या की कवळी सैल होते. दंतवैद्य आतून नवा थर देऊन ती बसवून देतात, दरवेळी नवी लागत नाही.

सखी७०: कवळीबिवळी ठीक आहे, पण एकटा माणूस जेवणार कुणासाठी? आमचे बाबा असेच सुकले होते. जेवताना व्हिडिओ कॉल करत जा.

कृष्णाकाठ: रोज साडेआठला करतो. ताट समोर घेऊन बसतात आणि दिवसभराचं सगळं सांगतात.

मालती_क: म्हणजे घास तोंडात असताना बोलतात. ठसका तेव्हाच जास्त लागत असणार. कॉल जेवणाआधी करा.

सखी७०: आणि जेवताना पुन्हा भिंतीकडे बघत बसायचं? मग तेवढंही खाणार नाहीत.

मालती_क: मुद्दा खरा आहे. कुणी शेजारी बसून जेवलं तर उत्तम. बोलणं दोन घासांच्या मध्ये.

खवय्या: बदाम भिजवून वाटून द्या, ताकद येते.

कृष्णाकाठ: पावडर राहू दे. शेजारच्या काकूंना विचारलं, मंगळवार-शुक्रवार त्यांच्याकडे जेवतील. बाकीच्या दिवसांचं सुचत नाहीये. सोमवारी दंतवैद्य. थेरपिस्टकडे यायला मात्र तयार नाहीत. "मला बोलता येतं की," म्हणतात.

मालती_क: घसा तपासायला जाऊ म्हणा. न्यूमोनियाची फाइल बरोबर न्या.