दुकानाच्या फोटोवर ऑनिंग चिकटवल्यासारखी दिसते, मदत हवी आहे

ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या गल्लीत काकांचं मसाल्याचं दुकान आहे. नवी पाटी आणि कापडी ऑनिंग कशी दिसेल, हे मोबाइलच्या फोटोवरच दाखवायचंय. शेजारची दुकानं, विजेच्या तारा, समोरची हातगाडी, सगळं जसंच्या तसं ठेवायचंय. नाहीतर काका म्हणणार, ही आपली गल्लीच नाही.

गल्ली अरुंद, म्हणून फोटो तिरका घेतलाय. वाइड लेन्समुळे वाकलेल्या कडा आधीच सरळ केल्या. पाटी जमली: शटर ८ फुटी आहे, त्यावरून माप धरून गिंपच्या Perspective टूलने बसवली. मजकूर मराठीत, इंग्रजी त्याहून लहान.

अडलंय ते ऑनिंगवर. ती भिंतीपासून ३ फूट पुढे येणार, म्हणजे पुढची कड भिंतीच्या रेषेवर बसत नाही. अंदाजाने ओढली तर कापड हवेत तरंगतं. सावली शटरवर टाकून पाहिली, तरी तेच. थ्रीडी येत नाही, फोटोशॉप नाही. पुन्हा फोटो काढता येईल.

दुकानाचा ओटा बरोबर ३ फूट पुढे आलाय आणि फोटोत पूर्ण दिसतो. त्याच्या कोपऱ्यांवरून वरच्या ऑनिंगच्या पुढच्या कडेची जागा आणि उंची नेमकी कशी काढायची?