‘दृष्टांत झाला’ म्हणावे की ‘दृष्टांत झाल्याचे सांगितले’?

वाचनखूण
एका लेखाचा अनुवाद करतेय. विषय फ्रान्समधलं लूर्द. 1858 साली तिथे बर्नादेत सुबिरू नावाच्या 14 वर्षांच्या मुलीला मासाब्येलच्या गुहेत एक स्त्री दिसू लागली. 11 फेब्रुवारी ते 16 जुलै, एकूण 18 वेळा. मूळ लेखक या दिसण्यासाठी एकच तटस्थ शब्द सगळीकडे वापरतो. मी पहिल्या खर्ड्यात ‘दृष्टांत’ घातला, मग ‘दर्शन’ केलं, मग ‘साक्षात्कार’. तिन्ही खटकतात. काय वापरावं?

तिरकस
साक्षात्कार नको. ‘आज उशिरा का होईना, साक्षात्कार झाला!’ असं आपण कुणाला चूक उमगल्यावर म्हणतो. शब्द पार झिजलाय. दृष्टांत तर मुळात उदाहरण. महानुभावांचा ‘दृष्टांतपाठ’ आठवा, त्यात कुठे स्वप्नं आहेत? देवाने स्वप्नात येऊन सांगणे हा अर्थ चुकून चिकटलेला आहे.

कासव
पहिला अर्थ उदाहरण, हे बरोबर. दुसरा चुकीचा म्हणून चालणार नाही, तो चांगला रुळलाय. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते क्रियापद. स्वप्न ‘पडतं’. ते कुणी दिलेलं नसतं. दृष्टांत मात्र ‘देवाने दिला’ किंवा ‘मला झाला’. म्हणजे दृष्टांत म्हटलं की देणारा गृहीत धरला. ‘दर्शन दिले’चंही तेच. चौकशी व्हायच्या आधीच वाक्याने निकाल देऊन टाकला!

आणि गंमत पाहा. तुकोबांच्या अभंगात ‘नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें’ आहे. ज्ञानदेवांच्या गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागल्याचं एकनाथ सांगतात, तेही ‘येऊनि स्वप्नांत’. ज्याला दिसलं तो साधं ‘स्वप्न’ म्हणतो. ‘दृष्टांत’ म्हणतात ते पुढे ती गोष्ट सांगणारे.

मंदाकाकू
माझ्या सासूबाईंच्या स्वप्नात सासरे यायचे. एकदा म्हणाले, कागद लोखंडी पेटीत तळाला आहेत. पेटी उपसली, निघाल्या जुन्या पावत्या. हाही दृष्टांतच ना?

कासव
काकू, आपण त्याला ‘स्वप्नात आले’ एवढंच म्हणतो. दृष्टांत म्हणायला समोर देव किंवा गुरू लागतो, आणि बहुतेकदा काहीतरी आज्ञाही. पण तुम्ही पेटी उघडून पाहिलीत ही खरी चौकशी. एकनाथांच्या अभंगातही तेच आहे. स्वप्न पडलं, ते आळंदीला गेले, नदीत दार दिसलं. शिवाय शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तिच्या शेवटच्या ओव्यांत कारण म्हणून स्वप्न नाही. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतरात अबद्ध झाला, तो शोधून नीट केला, एवढंच. स्वप्नाने समाधीपाशी नेलं असेल, पाठ ठरवायला स्वप्न पुढे केलं नाही.

मंदाकाकू
पावत्या अजून ठेवल्यात हो, टाकवत नाहीत.

तिरकस
लूर्दचं तर सिद्धच झालंय. निरक्षर मुलगी, आणि तिने ‘निष्कलंक गर्भसंभव’ हा धर्मशास्त्रातला शब्द आणून दिला. तिला तो येणार कुठून?

कासव
इतकं सोपं नाही. येशूची आई मारिया स्वतः गर्भात आली तेव्हापासूनच पापाच्या डागापासून मुक्त होती, हा तो सिद्धांत. तो पोपनी डिसेंबर 1854 मध्ये जाहीर केला होता, म्हणजे जेमतेम सव्वातीन वर्षं आधी. शब्द चर्चमध्ये कानावर पडला असणं अशक्य नाही. त्यामुळे टीकाकार याला पुरावा मानत नाहीत. मानणारे वेगळी गोष्ट पुढे करतात. गावचे धर्मगुरू पेरामाल अडून बसले होते, त्या बाईचं नाव विचार आणि गुहेतलं रानगुलाबाचं झुडूप फुलवून दाखवायला सांग. झुडूप फुललं नाही. 25 मार्चला नाव मिळालं. ते विसरू नये म्हणून मुलगी वाटभर पुटपुटत धर्मगुरूंच्या घरी गेली. आणि वाक्य होतं, ‘मी निष्कलंक गर्भसंभव आहे.’ निष्कलंक गर्भात आलेली नव्हे, खुद्द गर्भसंभव. धर्मगुरूंना ते खटकलं, बाईचं असं नाव कसं असेल? रचून सांगणाऱ्याने वाक्य सरळ केलं असतं, हा त्यांच्या बाजूच्यांचा मुद्दा. मला तो वजनदार वाटतो, पण निर्णायक नाही.

वाचनखूण
माझ्या लेखात पोलिसांच्या जबानीचाही भाग आहे.

कासव
तो नीट करा, सगळ्यात कामाचा आहे. 21 फेब्रुवारीला पोलीस अधिकारी जाकोमेने तिचं सांगणं लिहून घेतलं आणि मुद्दाम तपशील बदलून तिला वाचून दाखवलं. मुलगी प्रत्येक ठिकाणी अडवत गेली, मी असं म्हटलं नाही. कुमारी मारियाला पाहिलं असंही तिने कबूल केलं नाही. तिच्या बोलीत ती त्या आकृतीला ‘आकेरो’ म्हणायची, म्हणजे नुसतं ‘ते’.

दुसरी कसोटी आपोआप झाली. त्या वसंतात आणखी बऱ्याच जणांना गुहेत काही ना काही दिसू लागलं, वेडेवाकडे हावभाव सुरू झाले. बर्नादेतचं बोलणं मात्र तेवढंच राहिलं, आणि पैसे देऊ केले तर ती घेत नसे. तार्बचे बिशप लोराँस यांनी जुलै 1858 मध्ये आयोग नेमला. निकाल 18 जानेवारी 1862 ला, साडेतीन वर्षांनी. त्यात गुहेतल्या झऱ्याच्या पाण्याने सात आजाऱ्यांचं बरं होणं दैवी म्हणून ग्राह्य धरलं.

तिरकस
म्हणजे सगळ्या कॅथलिकांना मानणं सक्तीचं झालं.

कासव
नाही. निकालाचा आशय असा की मारिया खरोखर प्रकटली, आणि श्रद्धावंतांना ते खात्रीचं मानायला आधार आहे. मानलंच पाहिजे असं नाही. असं खाजगी प्रकटीकरण मूळ श्रद्धेत भर घालू शकत नाही, ही तिथली पक्की चौकट. आणि 17 मे 2024 ला व्हॅटिकनने नियम बदलले. आता बिशपने ‘हे दैवी आहे’ असं सहसा जाहीर करायचंच नाही. शेरे सहा, त्यांतला सर्वात अनुकूल ‘निहिल ऑब्स्टॅट’. आपल्या भाषेत, ना हरकत!

तिरकस
देवाला ना हरकत प्रमाणपत्र! हे मी वापरणार.

वाचनखूण
मग ‘दर्शन झाल्याचे सांगितले’ असं लिहू? पण 18 वेळा? आणि ‘कथित दर्शन’ म्हटलं की गुन्ह्याची बातमी वाटते.

कासव
कथित नको, त्यात संशय भरलेला आहे, तोही निकालच. 1862 पर्यंत ‘तिला दिसले’ ठेवा. पाहणारीची बाजू येते, देणाऱ्याची येत नाही. निकालानंतर बिशपच्या तोंडी ‘दर्शन’ चालेल.

वाचनखूण
‘तिला दिसले’ पटलं. पण जबानीत ‘ते’ ठेवलं तर पुढचं वाक्य ‘ते म्हणाले’ होतं. मराठीत तो थेट कुणी आदरणीय पुरुष वाटतो.

तिरकस
‘ते म्हणालं’ करा की. मुलगी खेड्यातली, बोलीत बोलतेय.

कासव
संवादात चालेल. निवेदनात मलाही अडतंय.