मदत हवी आहे: दोन बहिणी, एक खातं, बदललेला पासवर्ड. कथेतलं भांडण टिकत नाहीये

वडगावची_माग

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या एका छोट्या दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय. मधेच अडकलेय, म्हणून हा धागा.

अश्विनी लग्न होऊन गडहिंग्लजला. धाकटी पल्लवी शहापुरात आईजवळ, खडेबाजारातल्या साडीच्या दुकानात फॉल-पिको करते. दोघींचं नेटफ्लिक्स एकच, 499 चा प्लॅन, म्हणजे एका वेळी दोनच ठिकाणी चालतं. आक्का 250 देते, पल्लवी 249. तो एक रुपया कथेत बराच फिरतो. खातं आक्कानं लग्नाआधी काढलेलं, ईमेल तिचाच. पैसे मात्र पल्लवीच्या यूपीआयमधून आपोआप कटतात आणि आक्का आपला वाटा तिला पाठवते.

प्रोफाइल पाच: आक्का, दाजी, आक्काचं पोरगं, पल्लवी आणि आई. पाचाच्या वर होत नाहीत. आक्काच्या दिराला एक हवं झालं, तेव्हा आईचं उडवलं गेलं. आई मूळची हुक्केरीकडची, दुपारी कन्नड डब केलेली मालिका बघत बसते. तिची अर्धी बघितलेली मालिका कुठं गेली ते तिला कळेना. पल्लवीला कळलं आणि तिनं पासवर्ड बदलला. रविवारी रात्री गडहिंग्लजचा टीव्ही बंद.

फोनवरचं सध्या असं लिहिलंय:

"टीव्ही बंद पडलाय गे. तू काय केलीस?"
"मी काय केलो नाही."
"पासवर्ड घेईना झालाय."
"मग दिराला विचार जा की."

इथपर्यंत जमलंय. पण मला हे भांडण गणपतीला आक्का माहेरी येईपर्यंत ताणायचंय आणि ते दोन पानांतच संपतं. ज्या मैत्रिणीला वाचायला दिलं ती म्हणाली, "खरं वाटत नाही," पण का ते तिला सांगता येईना. पासवर्ड बदलल्यावर नक्की काय काय होतं? आणि भांडण कुठं गळतंय?

कीबोर्ड_काका

सोपं आहे. पासवर्ड बदलला की सगळीकडचं जागच्या जागी बंद होतं. आक्का मालिका बघतेय, हिरॉइन दार उघडतेय आणि तिथंच फट्कन पडदा काळा. झकास सीन होईल.

दुसरं, नेटफ्लिक्स कशाला? आपल्याकडं घरोघरी हॉटस्टार. ते घ्या, वाचक वाढतील. आणि पासवर्ड दुसऱ्या घरात देणं हा गुन्हा आहे, तेवढं एका वाक्यात येऊ द्या, नाहीतर कोणीतरी बोट ठेवेल.

रात्रपाळी

काका, निम्मं बरोबर. पासवर्ड बदलताना खाली एक चौकोन असतो: बाकीच्या सगळ्या ठिकाणांहून बाहेर काढायचं का? त्यात खूण असेल तर बाकीची लॉगिनं जातात, आणि तीही त्याच सेकंदाला जातील असं नाही. खूण काढली तर जिथं आधीपासून लॉगिन आहे तिथं चालू राहतं. आक्काला कित्येक दिवस पत्ताही लागणार नाही.

हॉटस्टारला मोबाईल नंबर आणि ओटीपीनं आत जातात. तिथं कथा नेलीत तर बदलायला पासवर्डच उरत नाही. आणि गुन्हा नाही हो, कंपनीच्या अटींचा भंग. त्यासाठी मार्केट पोलीस ठाण्यात कोणी बसवणार नाही.

आता मूळ प्रश्न. तुमच्या मैत्रिणीला जे खटकलं ते मला वाटतं हे: ईमेल आक्काचा आहे. पासवर्ड बदलल्याबरोबर "तुमचा पासवर्ड बदलला गेला" असा मेल तिलाच जाणार. ती "पासवर्ड विसरलात?" दाबेल, लिंक तिच्याच मेलवर येईल, दोन मिनिटांत नवा पासवर्ड. वर तोच चौकोन वापरून ती पल्लवीलाच बाहेर काढेल. पासवर्ड कोणीही बदलू शकतं, पण खातं त्याचं ज्याच्याकडं ईमेल. तुमच्या कथेत पल्लवीनं कुलूप घातलंय, पण किल्ली गडहिंग्लजलाच आहे. म्हणून भांडण टिकत नाही.

निपाणीकर

ताई, वाचून वाईट वाटलं. सख्ख्या बहिणीनं असं करू नये. माझं ऐका, आधी बँकेत जाऊन ते आपोआप पैसे कटायचं बंद करा, नाहीतर बघणार त्या आणि भरणार तुम्ही. माझ्या मेव्हण्यानं असंच केलतं. तेव्हापासून मी कोणाला काय देत नाही.

तसंच, माझं स्वतःचं खातं अडकलंय. जुनं सिम बंद पडलं, मेलचा पासवर्ड आठवत नाही, आणि पैसे दर महिन्याला जातायत. कोणी सांगू शकेल का?

वडगावची_माग

निपाणीकर, ही कथा आहे हो! मला बहीण नाही, दोन भाऊ आहेत आणि ते क्रिकेट सोडून काही बघत नाहीत. 😄

रात्रपाळी, खूप आभार. मग ईमेल पल्लवीचा करू का? म्हणजे आक्का खरंच बाहेर राहील.

सीमेवरची_वाचक

करू नका! ईमेल आक्काचाच राहू दे. तुमच्या कथेतली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे.

आक्काला ठाऊक आहे की दोन मिनिटांत नवा पासवर्ड घेता येतो. मेल तिच्या फोनमध्ये पडलाय. ती तो उघडते, वाचते, आणि ते बटण दाबत नाही. पल्लवीनं आपणहून पासवर्ड सांगावा असं तिला वाटतंय. तिकडं पल्लवीलाही ठाऊक आहे की आक्का मनात आणलं तर आत येऊ शकते. ती रोज रात्री टीव्ही लावताना बघते, अजून आपलं लॉगिन शाबूत आहे. म्हणजे आक्कानं काही केलेलं नाही. याचा तिला जास्त राग यायला लागतो. असं असेल तर गणपतीच काय, दिवाळीपर्यंत ताणा.

आणि त्या चौकोनाचं तर सोनं करता येईल. पल्लवी रागाच्या भरात पासवर्ड बदलते, इथवर माफ आहे. पण खूण तशीच ठेवायची की काढायची, तिथं तिचा अंगठा थांबतो. मी वाचक म्हणून तिथं एक अख्खा परिच्छेद वाचेन.

दारातला काळा पडदा मात्र नको. मालिकेसारखं होतं ते. त्यापेक्षा आक्का रिमोटनं एकेक अक्षर शोधत जुना पासवर्ड टाकतेय असं दाखवा. तो माहेरचाच असू दे, शहापूर आणि पुढं 590003. ते सगळं बरोबर टाकूनही टीव्ही चूक म्हणतो. दिरासमोर, सासूसमोर.

रात्रपाळी

वाचकबाईंशी सहमत. त्यात एक भर घालतो, कारण तुम्ही मूळ घाव फार भरकन उरकलाय.

"प्रोफाइल उडवलं गेलं" असं तुम्ही लिहिलंत. ते असं आपोआप जात नाही. उडवताना पडद्यावर सरळ विचारतात, की या प्रोफाइलची यादी, आवडीनिवडी, काय काय बघितलं ते सगळं कायमचं जाईल, चालेल ना? मग पुन्हा बटण दाबावं लागतं. आणि गेलं की परत येत नाही. ईमेल असो, पासवर्ड असो, काही उपयोग नाही. पासवर्ड शंभर वेळा परत मिळेल, आईचं प्रोफाइल नाही. नव्यानं "आई" नावाचं काढता येईल, पण कितव्या भागापर्यंत आली होती ते त्याला कळणार नाही.

म्हणजे ती सूचना कोणीतरी वाचली आणि तरी दाबलं. कोणी? दिरानं? पोरानं? की आक्कानंच, "आईला काय कळतंय, नवीन काढून देईन" म्हणत? पाचांतलं पहिलं, मूळ प्रोफाइल उडवता येत नाही आणि ते आक्काचं. दाजींचं उडवलं तर घरात वाजणार. पोराचं उडवलं तर ते रडणार. राहिलं कोणाचं, तर जी फोन करून तक्रार करणार नाही तिचं. हे हिशेब आक्काच्या डोक्यात दोन ओळींत आले की पल्लवीचा राग मलाही पटेल. आत्ता मला ती थोडी आततायी वाटते.

कीबोर्ड_काका

खूण-बिण ठीक आहे, पण एवढं तांत्रिक वाचणार कोण? आमच्या हिला प्रोफाइल म्हणजे काय ते अजून समजलेलं नाही. बाकी तो एक रुपया मस्त. तो शेवटी परत द्या.

सीमेवरची_वाचक

काका, रुपया शेवटी परत दिला तर मी अंक मिटून ठेवेन. 🙏

रात्रपाळी

एक गोष्ट राहिली. कथा कोणत्या साली घडते? हे ठरवावंच लागेल. जुलै 2023 मध्ये नेटफ्लिक्सनं भारतात एक खातं एका घरापुरतं केलं. आता गडहिंग्लजच्या टीव्हीवर, हा टीव्ही या खात्याच्या घरातला नाही, असं येऊ शकतं. पासवर्ड बरोबर असला तरी. पल्लवीनं काही न करताच आक्का बाहेर! 2022 च्या गणपतीत ठेवलीत तर ही कटकट नाही. 499 चा दर डिसेंबर 2021 पासूनचा, म्हणजे तोही जुळतो.

सीमेवरची_वाचक

मी म्हणेन आजच्या काळातच ठेवा. तात्पुरतं बघायला कोड मागवता येतो ना? मग आक्काला दर वेळी कोड कोणाकडून तरी मागावा लागेल, आणि ही कथा मागण्याचीच आहे.

रात्रपाळी

कोड येतो खात्याच्या ईमेलवर किंवा नोंदवलेल्या मोबाईलवर, आणि 15 मिनिटांत वापरला नाही तर संपतो. पण ईमेल आक्काचा, म्हणजे कोड तिच्याचकडं येणार, मागायचा कोणाकडं? मोबाईल पल्लवीचा नोंदवलेला असला तरी मेलचा रस्ता आक्काला उघडाच आहे. शिवाय संकेश्वरच्या अलीकडचं घर आणि पलीकडचं घर, यातलं "घर" कोणतं धरायचं हे टीव्ही कुठं जास्त चालतो त्यावर जाईल. कथा त्यातच अडकेल. मी 2022 वर ठाम आहे.

वडगावची_माग

2022 च घेते. वाचकबाई, कोडचा मोह मलाही झाला, पण मग अर्धी कथा नियम समजावण्यात जाईल आणि काकांची बायको पहिल्या पानावरच सोडून देईल.

ईमेल आक्काचाच. आईचं प्रोफाइल आक्काच उडवते, सूचना वाचून. हा भाग आता फोनच्या आधी आणलाय, आणि फोनमध्ये दोघीही आईचं नाव काढत नाहीत, फक्त टीव्हीबद्दल बोलतात. अंगठ्याचा परिच्छेद लिहिला. पल्लवी मशीनवर बसलीय, करंट गेलाय, वायफाय बंद, म्हणून ती मोबाईलच्या नेटवर हे सगळं करतेय. रेंज एक कांडी. गोल फिरत राहतं आणि खूण पडली की नाही तेच तिला कळत नाही. चालेल ना, रात्रपाळी?

एक अजून सुटत नाहीये. गणपतीला आक्का येते तेव्हा आईला हे सगळं माहीत असावं का? मला वाटतं असावं. मैत्रीण नको म्हणते.

रात्रपाळी

चालेल. रेंज नसताना तसं होतं. फक्त मेल आक्काला पोचला, म्हणजे बदल झाला, एवढं जुळवून घ्या.

आईचं मी सांगू शकत नाही, ते तुमच्या वाचकबाईंचं खातं.

सीमेवरची_वाचक

आईला माहीत असू दे, पण तिला मालिकेचं काही पडलेलं नसावं. तिनं शेजारणीकडं जाऊन ती कधीच पुरी करून टाकलीय.

निपाणीकर

कथा छान आहे ताई. अंक कुठं मिळेल? आणि माझ्या सिमचं कोणीच सांगितलं नाही.

रात्रपाळी

निपाणीकर, बँकेत जायची गरज नाही. पैसे यूपीआयमधून कटत असतील तर त्याच ॲपमध्ये ऑटोपे म्हणून जागा असते, तिथं चालू असलेली परवानगी दिसेल, ती रद्द करा. पुढचा हप्ता जाणार नाही आणि खातं आपोआप थांबेल. कार्डवरून जात असतील तर वेगळं, तसं असेल तर सांगा. सिमसाठी नवा धागा काढा.