एकाच ६८ मार्कांना तीन पर्सेंटाइल, वर्गात नक्की कुठलं द्यायचं?

सायली_टीचर
माझ्याकडे दोन तुकड्या आहेत, प्रत्येक मुलाला त्याच्या तुकडीतलं पर्सेंटाइल रँक द्यायचंय. छोट्या तुकडीत दहा मुलं, मार्क असे: ४२, ५५, ५५, ६१, ६८, ६८, ६८, ७४, ८१, ९०. आता ६८ वाल्याला एक्सेल ४४ देतंय, सहकाऱ्याने पायथनमध्ये काढलं तर ६० आलं, आणि मी हाताने मोजलं तर ७०. तिघांपैकी बरोबर कोण? आणि निकालपत्रावर कुठलं छापू?

फॉर्म्युला_दादा
एक्सेलचं घ्या आणि विषय संपवा. PERCENTRANK.INC म्हणजे खालच्यांची संख्या भागिले एकूण वजा एक. ६८ च्या खाली चार जण, ४ भागिले ९, आलं ४४.४. वर्गातल्या पहिल्याला १००, शेवटच्याला ०, पालकांना लगेच कळतं. बाकी पद्धतींत शेवटच्याला ० येत नाही म्हणून त्या चूक.

संख्यारेषा
दादा, हिशोब बरोबर आहे पण "बाकीच्या चूक" हे पटत नाही. सायली, तुझी तिन्ही उत्तरं आपापल्या व्याख्येनुसार बरोबर आहेत, भांडण मुख्यतः एका जागी आहे: ज्यांना सारखेच मार्क आहेत त्यांना कुठे मोजायचं. एक्सेल ६८ वाल्या तिघांना अजिबात मोजत नाही, फक्त खालचे चार धरतं, आणि भागतंही १० ऐवजी ९ ने. तू हाताने मोजताना तिघांनाही खालच्यांत धरलंस, म्हणून ७ भागिले १०. पायथनने तिघांच्या क्रमांकांची सरासरी काढली, पाचवा सहावा सातवा म्हणजे सहावा, म्हणून ६०.

आता एक तपासणी करून बघ. हीच तुकडी उलटी मोज, म्हणजे ६८ च्या वर किती टक्के आहेत ते काढ. वर तीन, म्हणजे ३०. फक्त खालचे मोजले तर ४०. बेरीज ७०, मग उरलेले ३० गेले कुठे? सारखे मार्कवाले दोन्हीकडून गळाले. तुझ्या पद्धतीने मोजलं तर खालून ७०, वरून ६०, बेरीज १३०, कारण ते तिघे दोनदा मोजले गेले. सारख्यांपैकी अर्धे खाली आणि अर्धे वर धरले तर खालून ४ अधिक १.५, म्हणजे ५५, आणि वरून ३ अधिक १.५, म्हणजे ४५. बेरीज नेमकी १००. मी म्हणून ५५ छापेन.

रोहनची_आई
म्हणजे ६८ मार्क मिळवणाऱ्या मुलाला तुम्ही ५५ देणार?? माझ्या मुलाला मागच्या चाचणीत ७२ होते आणि कागदावर ३८ लिहून आलं, मला वाटलं नापासच झाला, दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. पोरांचे मार्क कापायचा अधिकार कुणी दिला?

संख्यारेषा
ताई, मार्क कापलेले नसतात, ७२ हे ७२ च राहतात. शेजारचा ३८ सांगतो की वर्गातली साधारण ३८ टक्के मुलं त्याच्या मागे आहेत. पेपर सोपा असेल तर ७२ घेऊनही मूल अर्ध्याच्या खाली जातं. पण तुमची तक्रार खरी आहे, नुसता ३८ लिहून पाठवला ही शाळेचीच चूक. सायली, मूळ मार्क आणि पर्सेंटाइल नेहमी शेजारी शेजारी छाप आणि रकान्यावर "वर्गातील स्थान" असं लिही, टक्क्याची खूण टाकू नकोस.

सरळ_हिशोब
मी सायली टीचरच्या ७० च्या बाजूने. कारण साधं आहे, ते एका वाक्यात सांगता येतं: दहापैकी सात मुलांना ६८ किंवा त्याहून कमी मार्क आहेत. संपलं. तुमचं ५५ पालकांना समजवायला "दीड मुलगा खाली" असं सांगावं लागेल, कोण ऐकून घेणार? निकालपत्र पालकांसाठी असतं, बेरजा जुळवायला नाही. शिवाय पहिल्याला १०० मिळतं, तुमच्या पद्धतीत ९० मार्कवाल्याला ९५ च मिळणार, वर्गात पहिला येऊन!

संख्यारेषा
एका वाक्यात सांगता येतं हे मान्य, आणि मार्क पसरलेले असतील तर फारसा फरकही पडत नाही. पण सोपी चाचणी घेऊन बघा. दहातल्या आठ जणांना ९० आणि दोघांना त्याहून कमी. तुमच्या पद्धतीने आठही जणांना १००. दादांच्या एक्सेलने त्याच आठ जणांना २ भागिले ९, म्हणजे २२. तीच मुलं, तेच मार्क, एक कागद सांगतो सगळे अव्वल आणि दुसरा सांगतो सगळे तळाला. अर्धे धरले की येतं ६०, आणि ते खरं चित्र आहे, थोडे मागे आहेत, पुढे कुणी नाही, बाकी सगळे बरोबरीचे.

९५ चं म्हणाल तर दहाच्या वर्गात पहिला येणं आणि चाळीसच्या वर्गात पहिला येणं वेगळं आहे. अर्ध्याच्या पद्धतीत ते दिसतं, चाळीसमधल्या पहिल्याला ९८.७५ येतं. तुमच्याकडे दोघांनाही सरसकट १००.

सरळ_हिशोब
आठ जणांना ९० अशी चाचणी घेतली तर पर्सेंटाइल काढूच नये, पद्धतीवर खापर कशाला? मी माझ्या मतावर ठाम.

कोड_आणि_कॉफी
पायथनच्या ६० बद्दल, rank(pct=True) हे तुमच्या ५५ च्या अगदी जवळचं आहे, फक्त प्रत्येकाला अर्धा क्रमांक जास्त मिळतो आणि दहाच्या वर्गात अर्धा क्रमांक म्हणजे ५ पॉइंट. तेवढा काढून टाका:

```python
g = df.groupby("class")["score"]
df["pr"] = (g.rank() - 0.5) / g.transform("count") * 100
```

आणि सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ते कुणी बोललंच नाही अजून, गैरहजर मुलं. त्यांना शून्य लिहिलं की बाकीचे सगळे फुकट वर सरकतात. याच तुकडीत दोन गैरहजर धरा, शून्य टाकलं तर ६८ वाल्याला ५५ चे ६२.५ होतात, पोराने काहीच केलेलं नसताना. डेटाबेसमध्ये जागा रिकामी सोडली तर त्याहून वाईट, पोस्टग्रेसमध्ये PERCENT_RANK() वापरताना चढत्या क्रमात रिकाम्या नोंदी शेवटी जातात, म्हणजे जो पेपरलाच आला नाही तो टॉपर! मी एका यादीत हे प्रत्यक्ष बघितलंय. आधी WHERE score IS NOT NULL लावून घ्या. वरच्या पायथनच्या कोडमध्ये रिकामी नोंद मोजलीही जात नाही आणि तिला पर्सेंटाइलही मिळत नाही.

सायली_टीचर
अरे बापरे, माझ्या शीटमध्ये गैरहजरांना मी ० च टाकलेत. आणि अजून एक, मोठ्या तुकडीसाठी PERCENTRANK.INC ला पूर्ण कॉलम दिला होता, त्यात दोन्ही तुकड्या एकत्र आल्या का?

संख्यारेषा
हो, आल्या. त्या फंक्शनला "फक्त याच तुकडीतले" अशी अट घालता येत नाही, दिलेल्या रेंजमधले सगळे आकडे ते घेतं. COUNTIFS ने कर. A मध्ये तुकडी, C मध्ये मार्क, गैरहजर असेल तिथे शून्य न टाकता "गै" लिही:

```
=IF(ISNUMBER(C2),(COUNTIFS(A:A,A2,C:C,"<"&C2)+0.5*COUNTIFS(A:A,A2,C:C,C2))/COUNTIFS(A:A,A2,C:C,">=0")*100,"")
```

नीट झालंय की नाही ते कळायची सोपी खूण आहे. या पद्धतीत प्रत्येक तुकडीच्या पर्सेंटाइलची सरासरी नेमकी ५० यायलाच हवी, मार्क कसेही असोत. एका तुकडीची ५० च्या वर आणि दुसरीची खाली आली तर समज की तुकड्या मिसळल्यात. दोन्हींची ५० च्या थोडी वर, दहाच्या तुकडीची ५५ वगैरे, तर अर्धा वजा करायचा राहिलाय. मात्र गैरहजरांचं शून्य या खुणेत पकडलं जात नाही कारण शून्यही मार्क म्हणून मोजलं जातं, ते डोळ्यांनीच तपासावं लागेल.

जुना_वर्गशिक्षक
एवढा वेळ वाचतोय, आता बोलतो. पद्धत कुठलीही घ्या, दहा मुलांच्या वर्गात हा आकडा देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचीच पद्धत घेऊ. ६८ वाल्या तिघांतल्या एकाला फेरतपासणीत एक मार्क वाढला, ६९ झाले. त्याचं ५५ वरून एकदम ६५. आणि उरलेल्या दोघांचे मार्क तेच असूनही ते ५५ वरून ५० वर. तिकडे ८१ वाल्याने आठ मार्क वाढवून ८९ केले तर त्याला काय मिळालं? काही नाही, ८५ होतं ते ८५ च. एका मार्काला दहा पॉइंट आणि आठ मार्कांना शून्य, हे मुलाला कोणत्या तोंडाने सांगायचं? वर्गात मूल किती शिकलं हे बघायचं असतं, शेजाऱ्याच्या पुढे की मागे हे नाही.

संख्यारेषा
सर, आकडे अगदी बरोबर आहेत तुमचे. पर्सेंटाइल अंतर सांगत नाही, फक्त क्रम सांगतं, आणि मधे जिथे मुलांची गर्दी असते तिथे एका मार्काने उडी मोठी बसते. म्हणूनच मी दशांशही छापत नाही. पण "देऊच नये" इथपर्यंत मी येणार नाही. दोन विषयांचे पेपर सोपे-कठीण असतात तेव्हा गणितात ५१ आणि भाषेत ७० यातलं वर्गाच्या मानाने चांगलं कुठलं हे नुसत्या मार्कांवरून कळत नाही, इथे पर्सेंटाइल कामी येतं.

जुना_वर्गशिक्षक
ते शिक्षकाने स्वतःच्या वहीत ठेवावं. मुलाच्या हातात कशाला?

फॉर्म्युला_दादा
सोप्या चाचणीतल्या २२ चं उदाहरण बघून मी INC चा हट्ट सोडला. पण मग दोन तुकड्यांची एकत्र गुणवत्ता यादी करायची तर? तुकडीतलं पर्सेंटाइल आलंच आहे, त्यावरूनच लावली तर दोन्ही तुकड्यांना समान न्याय, नाही का?

संख्यारेषा
नाही दादा, ते करू नका. तुकड्या चिठ्ठ्या टाकून पाडल्या असतील आणि दोन्हीकडे पुरेशी मुलं असतील तर एकवेळ चालेल. पण हुशार मुलं एकीकडे आणि बाकी दुसरीकडे अशी वाटणी असेल तर पहिल्या तुकडीतला मधला मुलगा दुसऱ्या तुकडीत कदाचित सगळ्यात पुढे असेल, आणि तुमच्या यादीत त्याला ५० च मिळणार. दोघांनी एकच पेपर दिला असेल तर सरळ मार्कांवरून लावा.

सायली_टीचर
पेपर एकच होता पण तपासणारे दोन होते, आणि दुसऱ्या मॅडम जरा कडक तपासतात. मग?

कोड_आणि_कॉफी
मग दोन्ही अडचणी एकाच वेळी आल्या. तुकडी कच्ची की तपासणी कडक हे या आकड्यांतून वेगळं काढताच येत नाही. प्रत्येक तुकडीतले काही पेपर अदलाबदल करून दोघींनी तपासा, नावं झाकून, आणि मार्कांत किती फरक पडतो ते आधी बघा.

सायली_टीचर
हे करता येईल, या आठवड्यात विचारते त्यांना. निकालपत्रावर सध्या मार्क आणि शेजारी अर्ध्याच्या पद्धतीचं पर्सेंटाइल, दशांशाशिवाय, फक्त मोठ्या तुकडीला. छोट्या तुकडीचं मुलांना द्यायचं की नाही यावर सरांचं म्हणणं अजून डोक्यात घोळतंय, ठरलेलं नाही.

सरळ_हिशोब
मोठ्या तुकडीच्या पालकांना "अर्ध्याची पद्धत" एका ओळीत कशी सांगणार ते तेवढं इथे लिहा, मला अजून ती ओळ मिळालेली नाही.