शब्दचर्चा : अडेलतट्टू, खडूस की आणखी काही? (कथेतल्या घरमालकासाठी शब्द हवा आहे)

मृण्मयी
गिरगावातल्या चाळीवर एक कथा लिहिते आहे. काळ 1986चा. वडील गेल्यावर मुलगा भाडेपावतीवर स्वतःचं नाव लावून मागतो आणि घरमालक आठ महिने ते लावत नाही, एवढंच कथानक. मालकाला सगळे अण्णा म्हणतात. मी त्यांना 'खडूस' लिहिलं, मग 'तुसडे' केलं, मग 'मुजोर'. तिन्ही वेळा ते खोटे वाटले. मारत नाहीत, शिव्या देत नाहीत, आवाजही चढवत नाहीत. तरी त्यांच्या दारात उभं राहिलं की मुलाच्या पोटात गोळा येतो. अशा माणसाला मराठीत नेमकं काय म्हणतात?

केदार
अडेलतट्टू. प्रश्नच नाही. तट्टू अडून बसतं तसा माणूस. आडमुठाही चालेल, पण अडेलतट्टूमध्ये ते चित्र दिसतं.

सुलभा
आमच्याकडे साताऱ्याला असल्या माणसाला 'खेटे घालायला लावणारा' म्हणतात. सासरे गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायला आम्ही तलाठ्याकडे किती हेलपाटे घातले, आता मोजता येणार नाही. एकदा मृत्यूचा दाखला नाही म्हणून परत पाठवलं. दाखला नेला तर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र नाही म्हणून. तेही नेलं तर नणंदेचं नाव प्रतिज्ञापत्रात एक आणि रेशनकार्डावर दुसरं. एकदम सगळं कधीच सांगितलं नाही, दर खेपेला एकच गोष्ट. माणूस गोडच होता हो. चहा पाजायचा.

वसंतराव
केदार, शब्द चांगला आहे, पण इथे उलटा बसतो. 'अडेल' हा 'अडणे'वरून आलेला. तट्टू स्वतः अडतं, त्याचं त्यालाही पुढे जाता येत नाही. मृण्मयीचे अण्णा कुठे अडलेत? ते जेवतात, झोपतात, वसुली करतात. अडलाय तो मुलगा. अण्णा करतात ते 'अडवणे', आणि त्याचं नाम 'अडवणूक'. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' या म्हणीतही गाढव काहीच करत नाही, जे काय ते हरीचं अडणं.

म्हणून मृण्मयीताई, माझ्या मते तुम्ही विशेषण शोधताय तिथेच वाट चुकतेय. माणूस खडूस आहे असं लिहिलं की वाचक म्हणतो, असेल, सोडून द्या. मुलगा कशासाठी अडलाय आणि किती तारखेपर्यंत, हे लिहिलंत की अण्णांचं वजन आपोआप वाढेल. मी लघुवाद न्यायालयात भाड्याच्या दाव्यांत एका वकिलांकडे बरीच वर्षं कारकुनी केली. तिथे येणारी माणसं मालकाला कधी 'दुष्ट' म्हणायची नाहीत. म्हणायची, "पावती देत नाहीत."

निलेश
यात अडण्यासारखं काय आहे? कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे. सोबत राहणारा मुलगा आपोआप भाडेकरू होतो. सरळ कोर्टात जायचं. आणि भाडं घेत नसेल तर मनिऑर्डर करायची. ताई, तुमच्याकडे जुन्या पावत्या आहेत का?

मृण्मयी
निलेश, खोली माझी नाही, कथेतली आहे. पण विचारलंत ते बरं झालं, कारण वाचकही हेच विचारणार.

वसंतराव
विचारणारच, आणि कथेला त्याचं उत्तर ठेवावं लागेल. निलेश म्हणतात ते अर्धं खरं आहे. 1947च्या मुंबई भाडे कायद्यात भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूपण मिळायचं. पण असे दोन-तीन जण असले तर त्यांनी आपसांत ठरवायचं, नाही ठरलं तर कोर्टाने. आता अण्णांना त्या खाचेत उभं करा. ते 'नाही' म्हणणारच नाहीत. म्हणतील, "तुझ्या भावाची सही आण, लगेच करू." भाऊ डोंबिवलीला वेगळा राहतोय, दोघांत बोलणं नाही. मागणी बेकायदा वाटत नाही, उलट शहाणपणाची वाटते. अशा माणसाशी भांडता येत नाही.

मालकाला काय हवं असतं तेही सांगतो. त्या चाळींची भाडी 1 सप्टेंबर 1940च्या दराला बांधलेली. महिना बावीस रुपये भाड्यात मालकाच्या घरचा रॉकेलचा खर्च निघत नव्हता. पैसा असायचा तो नाव बदलताना. पण पागडी घेणं तेव्हा गुन्हा होता. ती कायद्यात बसली 1999च्या कायद्याने, 2000 सालापासून. म्हणजे 1986मध्ये अण्णांना हवी ती रक्कम तोंडाने उच्चारता येत नाही. त्यांची सगळी भाषा त्यातून घडते. "बघू." "होईल." "समजून घ्यायचं असतं रे." आकडा कधीच येत नाही. तो मुलाने स्वतःच्या तोंडाने काढायचा.

केदार
अडेलतट्टू मागे घेतो. पण मग 'बघू'वरच थांबूया, कारण तो खरा शब्द आहे. 'बघतो' म्हटलं की कोणीतरी एक माणूस बघणार असतो. 'बघू' अनेकवचनी, म्हणजे मी आणि तू मिळून बघणार, आणि प्रत्यक्षात कोणीच बघत नाही. कचेरीतला कारकूनही तेच करतो. "तुमचा अर्ज पडून आहे", "त्रुटी निघाली", "नियमात बसत नाही". अर्ज पडतो, त्रुटी निघते, बसत नाही ते प्रकरण. सगळी क्रियापदं अकर्मक, माणूस कुठेच नाही. हा कर्मणी प्रयोगाचा प्रताप.

वसंतराव
निरीक्षण पक्कं आहे, प्रयोगाचं नाव तेवढं चुकलं. 'त्रुटी निघाली' हा कर्तरीच, कर्ता 'त्रुटी' आहे म्हणूनच तर ती निघते. कर्मणी म्हणजे 'अर्ज नामंजूर करण्यात आला'. तो लेखी, वरून आलेला. लांबच्या सत्तेला तो शोभतो. खिडकीपलीकडच्या माणसाच्या तोंडी 'पडून आहे' हवं.

सुलभा
आमचे तलाठी म्हणायचे, "वहिनी, तुमचं काम राहून गेलं बघा." मला वाईट वाटायचं ते 'वहिनी'चं. परका माणूस असता तर मी भांडले असते.

मृण्मयी
सुलभाताई, ही 'वहिनी' माझ्या हातातून निसटत होती. माझ्या मसुद्यात अण्णा मुलाला 'मिस्टर' म्हणत होते! रात्री बसून तो प्रसंग पुन्हा लिहिला. मुलगा बेचाळीस वर्षांचा आहे, बँकेत नोकरीला.

"तिकीट आणलंस का, बाळ्या?" अण्णांनी विचारलं.
त्याने खिशातून वीस पैशांचं रेव्हेन्यू तिकीट काढून ठेवलं. मागच्या महिन्यात विसरला होता, तेव्हा पुन्हा दोन जिने उतरून पोस्टात जावं लागलं होतं.
अण्णांनी पावतीपुस्तकात कार्बन सरकवला, कोपरे जुळवले आणि वळणदार अक्षरात बाबांचं नाव लिहिलं.
"अण्णा, बाबांना जाऊन आठ महिने झाले."
"माझ्या लक्षात आहे रे. तेराव्याला होतो मी." त्यांनी तारीख घातली.
"मग नाव…"
"होईल. नाव कुठं जातंय?"
तिकीट जिभेला लावून त्यांनी बाबांच्या नावाखाली चिकटवलं, वर आडवी सही मारली आणि पावती फाडून त्याच्या हातात दिली.

वसंतराव
जमलंय. वीस रुपयांच्या वरच्या पावतीला तेव्हा तिकीट लागायचं, म्हणजे बावीस रुपये भाडंही जुळलं. आणि मेलेल्या माणसाच्या नावाने पावती फाडणं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एका गृहस्थाने अशा कित्येक वर्षांच्या पावत्या दोऱ्यात ओवून आणल्या होत्या. भाडं त्याने दिलेलं, नाव बापाचं. कोर्टात भाडं त्याने भरल्याचं दाखवायला साक्षीदार उभे करावे लागले. पावती नाकारली असती तर तो आधीच चिडून उठला असता. मिळत राहिली म्हणून गप्प बसला.

एक सुचवू? कधीतरी मुलगा वकिलाचं नाव काढेल. त्या क्षणी अण्णांचं 'अरे' सुटून 'अहो' येऊ द्या. "बरं. मग तुम्ही तुमच्या मार्गाने जा." आयुष्यभर बाळ्या म्हणणाऱ्या माणसाने एकदम 'तुम्ही' म्हणणं, यापेक्षा मोठी धमकी चाळीत नसते. त्यानंतर मनिऑर्डर. ती 'घेण्यास नकार' असा शेरा होऊन परत येते. पोस्टमन ओळखीचा, तो खालच्या आवाजात सांगतो. ते परतीचे कागद मात्र मुलाने जपावेत, पुढे तेच कामाला येतात.

निलेश
आता समजलं मला. पण एक शंका. अण्णांची बाजू येणार की नाही? त्यांचं छप्परही गळतंच असेल की. ती दाखवली तर वाचकाचा राग उतरेल.

सुलभा
माझा तर उतरला नसता. तलाठ्याच्या घरी आजारी आई होती, मला माहीत होतं. उलट त्यामुळे मला बोलताच आलं नाही.

केदार
मला मधली वाट हवी. गळकं छप्पर मुलाला दिसावं, अण्णांनी त्याबद्दल बोलू नये.

मृण्मयी
निलेश, यावर अजून माझं मन ठरलेलं नाही. एक मसुदा छपरासकट लिहीन, एक तसा नाही. तोवर शब्दाचाच एक प्रश्न : पावतीवर नाव 'लावणे' की 'चढवणे'? माझी आजी 'चढवणे' म्हणायची.

केदार
'चढवणे' हिंदीतून आलंय. लावणेच.

वसंतराव
एवढं सोपं नाही. शाळेच्या पटावर नाव चढवतात, हे जुनं मराठी आहे. पण महसुलात 'नाव लावणे' आणि 'नाव कमी करणे' अशी जोडी चालते. गिरगावात दोन्ही ऐकली. आमच्या वकिलांच्या लेखणीत 'लावणे' असायचं, भाडेकरूंच्या तोंडी बहुतेक 'चढवणे'.

सुलभा
आमच्याकडे 'लागणे'. "नाव लागलं का?" असंच विचारतात. कोणी लावलं, ते कोणी विचारत नाही.

मृण्मयी
मग मुलाची बायको दर पाच तारखेला दारातच विचारेल, "लागलं का?" आणि तो चपला काढत राहील. आजीचं 'चढवणे' मी अण्णांच्या तोंडी ठेवते.